मामांचा छापील भाव आणि माझा डॉलर

बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. सोनं घेऊ का, आणि कर्ज मिळेल का. माझे मामा मात्र तिसरी गोष्ट विचारायला आले, आणि तिचं उत्तर द्यायला मी जन्मालाच आले आहे असं मला त्या दिवशी वाटलं. हैदराबादेत कोठीच्या बाजूला आमची परदेशी व्यवहारांची शाखा होती. तिथल्या आयातीच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढलेली. बाहेरून माल मागवणाऱ्या अर्ध्या शहराला डॉलर, युरो, येन यांचे धडे मी दिलेले. त्यामुळे माझ्या नाकाचा शेंडा जरा वरच असायचा, हे आता कबूल करते.

मामांचं दुकान सुलतान बाजारात. कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांमध्ये चेपून बसलेलं. माल मात्र वेगळा. मायक्रोस्कोप, काचेच्या स्लाइड, रक्त तपासायची लहानसहान यंत्रं. गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतले लॅबवाले. निजामाबाद, आदिलाबाद, नांदेडहून लोक यायचे, कारण मामांचा भाव छापील असायचा आणि वर्षभर हलायचा नाही. गुढीपाडव्याला यादी छापून घ्यायची, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्यातला आकडा बदलायचा नाही, असा त्यांचा रिवाज. या रिवाजाचा त्यांना फार अभिमान. बाकीचे दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाव सांगतात, आणि आपण कागद दाखवतो, हे ते दर भेटीत एकदा तरी सांगायचे. मी दर भेटीत एकदा ऐकायची.

तेव्हा शहरात एकच विषय होता. तेलंगण होणार की नाही. बंद, मोर्चे, धरणी, टीव्हीवर आरडाओरडा. ऑफिसात शेजारी बसणारे दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले होते, कारण एकाचं गाव इकडचं आणि एकाचं तिकडचं, आंध्राचं. आम्ही मराठी लोक मधेच. दोन्हीकडचे आम्हाला विचारायचे, तुमचं काय म्हणणं? आमचं म्हणणं असं की दूध वेळेवर मिळावं.

जुलैत एका दुपारी मामा माझ्या टेबलासमोर येऊन बसले. हातात कस्टमची कागदपत्रं. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, वय बहात्तर.

"पोरी, हे बघ. यांनी ड्यूटी जास्त लावली. चोर आहेत सगळे."

मी कागद बघितला. ड्यूटी बरोबर होती. मामांनी एप्रिलमध्ये माल मागवला तेव्हा डॉलर चौपन्न रुपयांच्या आसपास होता, आणि मामांनी सगळा हिशेब चौपन्ननं केला होता. माल बंदरात आला तोवर डॉलर साठला जाऊन टेकलेला.

"मामा, ड्यूटीचा टक्का तोच आहे. पण मालाची किंमत आधी रुपयात करतात, आणि मग त्यावर टक्का लावतात. रुपयात करताना सरकार तेव्हाचा दर धरतं. तुमचा एप्रिलचा दर कोण विचारतो?"

"पण बिल तर तेवढंच आहे. पंचवीस हजार डॉलर. एक डॉलर वाढला नाही."

"डॉलर तेवढेच आहेत. ते डॉलर विकत घ्यायला रुपये जास्त लागणार."

मामांनी मान हलवली. मान हलवणं आणि समजणं या दोन गोष्टींचा आमच्या घराण्यात फारसा संबंध नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, जो मला विचारायलाच हवा होता.

"पैसे कधी द्यायचेत?"

"ऑक्टोबरच्या शेवटी. चार महिन्यांची मुदत आहे ना."

"मग दर आज पक्का करून टाका. बँक तुम्हाला आज लिहून देते की ऑक्टोबरअखेर अमुक दरानं डॉलर देऊ. आपल्याकडे व्याज अमेरिकेपेक्षा जास्त आहे, म्हणून तो दर आजच्यापेक्षा थोडा चढा असतो. पण एकदा ठरला की ठरला. बाजारात डॉलर शंभर झाला तरी तुम्हाला त्याच दरानं मिळणार."

"आणि उतरला तर?"

"तरी त्याच दरानं घ्यावा लागणार."

"नक्को मग." मामा उठले. "उतरणार आहे तो."

"कशावरून?"

"उतरणार," असं म्हणून ते गेले. मला इतका राग आला की समोरच्या माणसाचा अर्ज मी उलटा धरून वाचत होते.

राग पैशाचा नव्हता. म्हणजे होता, पण मामांच्या पैशाचा नव्हता, मामींच्या गुडघ्यांचा होता. मामा-मामी दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत राहायचे. जिना इतका उभा, की तरुण माणूससुद्धा दोर धरून चढायचा. मामींचे दोन्ही गुडघे गेलेले. दोन वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या, दवाखान्यात न्यायचं असलं की खुर्चीत बसवून दोन माणसं उचलायची. तारनाक्याला एका निवृत्त रेल्वेवाल्याचं तळमजल्याचं घर विकायचं होतं. बाहेर दोन पायऱ्या, एक पेरूचं झाड, बस. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. मामांची एकच ठेव होती, ती बयाण्यासाठी राखलेली. बाकीची रक्कम वरच्या खोल्या देऊन उभी राहणार होती. आणि तीच ठेव आमच्या बँकेत या पंचवीस हजार डॉलरपोटी तारण पडली होती. डॉलर जितका चढणार, तितकी ठेव कुरतडली जाणार. इतकं साधं होतं ते.

रविवारी मी चिक्कडपल्लीच्या घरून मुद्दाम सुलतान बाजारात गेले. म्हटलं, दुकानात बसून सांगू. बघते तर समोरच्या गल्लीतला एक दुकानदार मामांकडून सहा मायक्रोस्कोप बांधून नेतोय. छापील भावानं. तो मला बघून गालातल्या गालात हसला, आणि ते हसू मामांना सोडून सगळ्या बाजाराला समजलं असणार.

"हा माणूस तुमचाच धंदा करतो ना? मग तुमच्याकडून कशाला घेतो?"

"आपला माल चांगला आहे म्हणून."

"मामा! त्याच्या दुकानात हाच माल नव्या भावानं लागलाय. तो तुमच्याकडून जुन्या भावानं घेऊन स्वतःच्या दुकानात नव्या भावानं विकणार. तुम्ही त्याचे घाऊक व्यापारी झालात, आणि तेही तोट्यातले."

"पाडव्याला छापलंय. आता कसं बदलू? लोक काय म्हणतील?"

"या मालाची किंमत अजून ठरलीच नाही! पैसे ऑक्टोबरात देणार, तेव्हाच्या डॉलरनं देणार. तुम्ही विकताय कोणत्या भरवशावर?"

"चौपन्न होता तेव्हा मागवला. चौपन्नचा नफा मला पुरतो. जास्तीचं हरामाचं आहे ते."

आता यावर काय बोलणार? हरामाचं म्हणे. नफ्याला आणि तोट्याला सारखंच सोवळं. मी स्टूल ओढलं आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. इतक्या तिरसट आवाजात, की दुकानातला नोकर चहा आणायच्या निमित्तानं पसार झाला.

म्हटलं, "डॉलर हीसुद्धा एक चीज आहे, मामा. ती विकायला येते आणि विकत घेतली जाते. विकायला कोण आणतं? माल बाहेर पाठवणारे. हायटेक सिटीतले कॉम्प्युटरवाले. दुबईत, जेद्द्यात राबणारी आपल्याच शहरातली माणसं घरी पैसे पाठवतात, ती. आणि परदेशातले मोठे पैसेवाले, जे इथले शेअर आणि रोखे घ्यायला पैसा आणतात. विकत कोण घेतं? तेलाच्या कंपन्या. सोनं मागवणारे. आणि तुम्ही. आपला देश बाहेरून घेतो जास्त आणि विकतो कमी. मधला खड्डा त्या पैसेवाल्यांच्या पैशानं भरतो. ते पैसेवाले निघाले, की खड्डा उघडा पडतो."

"मग निघाले कशाला?"

"अमेरिकेची मध्यवर्ती बँक इतकी वर्षं बाजारात पैसा ओतत होती. तिथं व्याज नव्हतंच, म्हणून पैसा इकडे आला. आता ती म्हणते, ओतणं कमी करू. करू, असं नुसतं म्हणाली! की तिकडचं व्याज वर सरकलं, आणि हे लोक इथलं विकून, रुपये देऊन डॉलर घेऊन घरी चालले. सगळ्यांना एकदम डॉलर हवा, म्हणून डॉलर महाग."

मामा ऐकत होते. मी जोरात आले.

"वर आपल्या लोकांची अक्कल. डॉलर चढतोय म्हटल्यावर आयातवाले पुढच्या महिन्याचे डॉलर आजच घेतात. निर्यातवाले म्हणतात, अजून चढू दे, मग विकू. म्हणजे घेणारे वाढले आणि विकणारे दडून बसले. भीतीनंच तो आणखी चढतो."

"आपली मध्यवर्ती बँक काय करायली?"

"तिच्याजवळचे डॉलर थोडे थोडे विकायली. व्याज चढवायली. सोन्यावर बंधनं आणायली. पण साठा काही अथांग नसतो. ती फक्त धक्के कमी करते, दर ठरवत नाही."

"कोणीच ठरवत नाही?"

"कोणीच नाही."

मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू जगात देव नाही असंच मी सांगितलं होतं. मग त्यांनी आणखी एक शंका काढली, आणि ती शंका खरं तर चांगली होती. म्हणाले, "अंबाल्याचा मायक्रोस्कोप तर देशातला आहे. त्याचा भाव का वाढवला त्यांनी?" मी म्हटलं, त्याच्यातलं भिंग बाहेरून येतं, आणि तो ज्या ट्रकमधून येतो त्याचं डिझेलसुद्धा बाहेरच्या तेलातून निघतं. बाहेरचा माल महाग झाला की देशी माल हळूहळू मागून येतो. मामा "हौ" म्हणाले. मला वाटलं, जमलं. यादी बदलणार, दर पक्का करणार. मी वर जाऊन मामींच्या हातची कॉफी प्यायले आणि विजयी होऊन घरी गेले. यादी बदलली नाही. दर पक्का केला नाही.

मग दिल्लीत निर्णय झाला, की तेलंगण होणार. शहरात अर्ध्या भागात फटाके, अर्ध्या भागात शुकशुकाट. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.

"झालं बघ! ठरलं एकदाचं. आता उतरेल तुझा डॉलर."

मला क्षणभर काहीच कळेना. तेलंगणाचा आणि डॉलरचा काय संबंध? मग हळूहळू उलगडलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, निजामाच्या खजिन्यात कारकून होते. तेव्हा हैदराबाद राज्याचं स्वतःचं नाणं होतं, त्याला हाली म्हणायचे, आणि हिंदुस्थानचा रुपया म्हणजे कलदार. सात हालीचे सहा कलदार. आजोबांनी हा पाढा मामांकडून पाठ करून घेतला होता. मामांच्या लहानपणी, पाढा असतो तसाच पक्का हा दर होता. सातचे सहा, काल, आज, उद्या. मग राज्याचे तीन तुकडे झाले, आणि त्याच वर्षांत हालीही गेली. घरात हंडाभर हाली होती, ती बदलून घ्यायला आजोबा रांगेत उभे राहिले, त्यांचं बोट धरून मामा. त्या पोराच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दर सरकार ठरवतं. आणि राज्य मोडायला लागलं की नाणं डळमळतं. नवं राज्य ठरलं की नाणं ठरतं.

म्हणजे मी स्टुलावर बसून दुबईपासून अमेरिकेपर्यंत घसा कोरडा करत होते, आणि मामा मनात म्हणत होते, पोरगी हुशार आहे पण तिला हाली ठाऊक नाही!

"मामा, जगात कोणाला पडलंय आपल्या तेलंगणाचं? ब्राझीलचं नाणं पडलंय, तुर्कस्तानचं पडलंय, इंडोनेशियाचं पडलंय. तिथंही तेलंगण होतंय काय?"

"तिथलं मला माहीत नाही. मी इथं पाहिलंय."

"साठ वर्षांपूर्वी पाहिलंय!"

"पाहिलंय तर खरं."

असल्या माणसाशी भांडणं म्हणजे गादीला गुद्दे मारणं. गादीला काही होत नाही, आपला हात दुखतो. मी ऑफिसात ही गोष्ट सांगितली. सगळे खो-खो हसले. मी तर नक्कल करून सांगायची, मान हलवून, दोन पेनं चाचपून, "मी पाहिलंय." कँटीनमध्ये ती नक्कल फार चालली. आमच्या शाखेतला एक साहेब टीव्हीवरच्या तज्ज्ञांना ऐकून रोज सकाळी भविष्य सांगायचा, त्यालाही मी हसायची, पण त्याचे आकडे मात्र लक्षात ठेवायची.

ऑगस्टभर डॉलर चढतच गेला. निर्णय होऊनही चढला, हे मी मामांना रोज फोन करून ऐकवलं. एकसष्ट झाला, मामा. त्रेसष्ट झाला, मामा. तुमचं राज्य ठरलं ना? पासष्ट झाला बघा. आता आठवलं की वाटतं, आजारी माणसाचा ताप मोजून त्यालाच ओरडून सांगावा, तसं करत होते मी. मामा सुरुवातीला म्हणायचे, अजून कागद कुठं झालाय, दिल्लीत सही व्हायचीय. मग नुसतं "हं" म्हणायचे. मग फोन मामी उचलायला लागल्या.

एकदा मामी फोनवर म्हणाल्या, "त्यांना झोप नाही गं. रात्री उठून यादी वाचतात."

"मग यादी बदलायला सांगा."

"मी काय सांगणार? तू शिकलेली आहेस. जरा नीट सांग ना त्यांना."

नीट सांग. मी काय वाकडं सांगत होते? मी फोन ठेवला आणि मामींवरही चिडले.

ऑगस्टच्या शेवटाला डॉलर अडुसष्टच्या घरात गेला. त्या दिवसांत आमच्या शाखेत जत्रा भरायची. आयातवाले टेबलाभोवती गर्दी करून उभे, तोंडं पांढरी. टीव्हीवर सत्तर, पंचाहत्तर असे आकडे उडत होते. त्या गर्दीत मामा उभे. छत्री बगलेत, हातात ठेवीची पावती. त्यांना पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. खरं सांगते, आनंद झाला. हरला ना म्हातारा, असं मनात आलं.

"काय करू?" मामा म्हणाले. इतकंच.

"जुलैत सांगितलं होतं. साठ होता तेव्हा."

"हौ. सांगितलं होतंस."

"तेव्हा हाली आठवत होती."

मामांनी पावतीची घडी घातली. शेजारचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं.

"सत्तर होणार, मामा. लिहून ठेवा. पंचाहत्तर झाला तरी मला नवल वाटणार नाही. आता तरी दर पक्का करा."

"सगळे पंचवीस हजार?"

"सगळे. आता काय शिल्लक ठेवताय?"

मामांनी जिथं जिथं मी बोट ठेवलं तिथं सही केली. त्या दिवसाचा दर, त्यावर व्याजातल्या फरकाचा आकार, असं करून त्यांचा डॉलर सत्तरला जाऊन टेकला. मंजुरीची सही आमच्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्यानं केली, कारण नातेवाइकाच्या कागदावर मला सही करता येत नव्हती. त्यानं माझ्याकडे बघून काही विचारायला तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, करा हो, मी सगळं समजावलंय. मामांनी जाताना यादीचा गठ्ठा मागितला, तो त्यांच्याच पिशवीत होता. त्या संध्याकाळी दुकानावर नवे भाव हातानं लिहून लागले. छापायला वेळ नव्हता.

आणि मग तो उतरला.

आधी एक रुपया, मग दोन. मी म्हटलं, दम खातोय, पुन्हा चढेल. पण आपल्या मध्यवर्ती बँकेनं तेलाच्या कंपन्यांना वेगळ्या खिडकीतून डॉलर द्यायला सुरुवात केली. बाजारातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईकच रांगेतून बाहेर गेलं. बाहेरच्या भारतीयांच्या ठेवी आणायला बँकांना सवलत दिली, तिकडून डॉलर यायला लागले. आणि अमेरिकेच्या बँकेनं सगळ्यांना चकवून जाहीर केलं, पैसा ओतणं तूर्त कमी करत नाही. झालं. जे घाईनं पळाले होते ते परत फिरले. ज्या निर्यातवाल्यांनी डॉलर दडवले होते, ते आता घाबरून विकायला धावले. भीतीनंच तो आणखी उतरला. ऑक्टोबरच्या शेवटाला डॉलर साडेएकसष्टच्या आतबाहेर होता.

मामांच्या डोक्यात हाली होती, कारण साफ चुकीचं होतं, तर्काला शेंडा-बुडखा नव्हता, आणि ते नुसते घरी बसून राहिले असते तर त्यांचे दोन लाखांहून जास्त वाचले असते. याचा मला किती संताप आला ते सांगून समजणार नाही. मूर्खपणा बरोबर निघावा आणि ज्ञान चुकावं, हा कुठला न्याय? मी कॅल्क्युलेटरवर तोच हिशेब पुन्हा पुन्हा करायची, जणू एखाद्या वेळी वेगळं उत्तर येईल. करार मोडला तरी फरक भरावाच लागतो, तेव्हा ती वाटही नव्हती. नव्या भावानं दोन महिने जे काही विकलं गेलं त्यानं थोडंच भरून निघालं. बाकी सगळं ठेवीतून.

देणं द्यायच्या दिवशी मामा वेळेआधी आले. ठेव मोडायचा अर्ज त्यांनी घरूनच भरून आणला होता, सुंदर अक्षरात. तारनाक्याच्या रेल्वेवाल्याला त्यांनी आदल्या दिवशीच नाही सांगितलं होतं. ते मला माहीत होतं, कारण मामींनी फोन करून सांगितलं होतं, आणि वर म्हणाल्या होत्या, तू मनाला लावून घेऊ नकोस.

मामा खुर्चीत बसले. बोर्डावरचा त्या दिवसाचा दर त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"पोरी, हा उतरला कशानं?"

मी सांगितलं. तेलाच्या कंपन्यांची खिडकी, बाहेरच्या ठेवी, अमेरिकेची घोषणा. सगळं मुद्देसूद, एकही चूक नाही. या वेळी मात्र मी हळू बोलत होते. मामा लक्ष देऊन ऐकत होते, आणि मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना सगळं समजतंय.

"म्हणजे हालीचं काही नाही त्यात."

"नाही, मामा."

"हं." मामांनी चष्मा खाली घेतला. "आणि हे सगळं तुला ऑगस्टात ठाऊक होतं?"

"नाही. हे कसं ठाऊक असणार? हे नंतर झालं."

"मग सत्तर होणार हे कसं ठाऊक होतं?"

मी कागद सारखे करत बसले.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा आवाज आला. आमचा तो तरुण अधिकारी सुकामेव्याच्या एका व्यापाऱ्याला समजावत होता. "शेठ, डॉलर कुठं जाईल ते मला माहीत नाही, कोणालाच नसतं. तुम्ही असं करा, अर्ध्यांचा दर आज पक्का करा, अर्धे मोकळे ठेवा. चढला तर अर्धं नुकसान वाचेल, उतरला तर अर्धा फायदा मिळेल. रात्री झोप तरी लागेल." व्यापारी म्हणाला, हां, ये ठीक है.

मामांनी मान वळवून तिकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"असं पण करता येतं काय?"

"येतं."

"नेहमी करतात?"

"नेहमी."

ते वाक्य तो पोरगा माझ्याकडूनच शिकला होता. मी रोज दहा जणांना तेच सांगायची. परक्यांना, उद्धटांना, ज्यांचं नावही मला आठवायचं नाही अशांना.

मामांनी पेनाचं टोपण लावलं, खिशाला अडकवलं.

"मला नाही सांगितलंस," ते म्हणाले. रागानं नाही. शंका विचारावी तसं.

"नाही सांगितलं," मी म्हणाले.